थ्रस्ट लाइन मिडल थर्डच्या बाहेर गेली म्हणजे कमान फेल का?

प्रश्न: दगडी कमान आहे, स्पॅन 6 मीटर, राइज 1.5 मीटर (दोन्ही रिंगच्या मध्यरेषेवर), रिंगची जाडी 450 मिमी, क्राउनवर भराव 300 मिमी. स्वतःच्या वजनाला थ्रस्ट लाइन छान मधोमध येते पण पाव स्पॅनवर मीटर रुंदीला 20 किलोन्यूटन लोड ठेवला की मिडल थर्डच्या बाहेर जाते. जाडी वाढवायची का? हा चेक नेमका करतात कसा?

उत्तर:

जाडी वाढवू नका, निदान अजून तरी नको. तुमची एक रेषा बाहेर गेलीये, कमान नाही. तुमचे आकडे घेऊन मी हिशोब परत केला आणि त्याच 450 मध्ये, त्याच लोडला, मिडल थर्डच्या आत बसणारी रेषा सापडते. कशी ते खाली सगळं लिहितो, जरा लांब होईल.

आधी मिडल थर्डचा अर्थ एकदा सरळ करून घेऊ कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कमानीच्या कुठल्याही सांध्यावर एक दाब येतो, तो दाब सांध्याच्या मधोमध नसून थोडा वर किंवा खाली सरकलेला असतो. प्रत्येक सांध्यावरचा तो बिंदू जोडत गेलात की थ्रस्ट लाइन. मीटरभर रुंदीत दाब N, रिंगची जाडी t, आणि दाब मध्यापासून e इतका सरकला तर आयताकृती सांध्याच्या दोन कडांवरचा ताण असा येतो:

```
ताण = (N/t) × (1 ± 6e/t)
```

e जर t/6 झाला तर एका कडेला ताण शून्य आणि दुसऱ्या कडेला सरासरीच्या दुप्पट. त्याच्या पुढे सरकला तर त्या कडेला ओढ यायला पाहिजे, आणि चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्याला ओढ घेता येत नाही, सांधा उघडतो. मध्याच्या वर t/6 आणि खाली t/6, म्हणजे मधला एक तृतीयांश. तुमच्या 450 ला हे अधिक-उणे 75 मिमी. एवढंच आहे ते. दगड चिरडायचा किंवा कमान पडायची मर्यादा ही नाही, सांधा उघडायला लागण्याची आहे, आणि या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे.

आता हिशोब. मध्यरेषेची त्रिज्या 3.75 मीटर येते, (3² + 1.5²) भागिले (2 × 1.5). पायथ्याशी कोन 53 अंश, म्हणजे तिथला कोसाइन 0.6, तो पुढे लागणार आहे. दगड आणि भराव दोघांचंही वजन मी घनमीटरला 20 किलोन्यूटन धरलं, वेगवेगळं धरायचं असेल तर धरा पण पहिल्या फेरीत काही फरक पडत नाही. मीटरभर रुंदीची पट्टी घेतली, अर्ध्या कमानीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे सहा उभे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याची उंची कमानीच्या पोटापासून वर रस्त्याच्या पातळीपर्यंत मोजली. क्राउनपासून पायथ्याकडे वजनं अशी येतात: 7.6, 8.3, 9.8, 12.2, 15.6, 20.7 किलोन्यूटन. एकूण 74.2. बघा, पायथ्याजवळचा तुकडा क्राउनच्या तुकड्याच्या जवळजवळ तिप्पट जड आहे, सगळा भराव तिथेच असतो.

या वजनांचा पायथ्याभोवती मोमेंट 88.85 येतो. रेषा क्राउनवर मधून आणि पायथ्याशी मधून जाते असं धरलं तर आडवा जोर H म्हणजे 88.85 भागिले 1.5 राइज, 59.2 किलोन्यूटन. मग कुठल्याही ठिकाणी रेषा क्राउनपासून किती खाली उतरली हे काढायला त्या ठिकाणापर्यंतच्या वजनांचा मोमेंट घ्यायचा आणि H ने भागायचं. पाव स्पॅनवर, म्हणजे मध्यापासून 1.5 मीटरवर, मोमेंट 18.2, उतार 307 मिमी. कमानीची मध्यरेषा तिथे 313 मिमी उतरलेली असते. फरक 6 मिमी! बाकीच्या ठिकाणीही 7 च्या वर कुठे जात नाही. तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, स्वतःच्या वजनाला ही कमान अगदी जशी हवी तशी बसलीये. राइज स्पॅनच्या पाव आणि वर सपाट भराव असला की वर्तुळाचा तुकडा बऱ्याचदा असाच जुळतो.

आता डाव्या पाव स्पॅनवर 20 किलोन्यूटन. साध्या बीमसारखं धरून डावीकडे 15 आणि उजवीकडे 5 ची रिअॅक्शन, क्राउनवर जादा मोमेंट 5 × 3 = 15. परत तीन मधल्या बिंदूंतून रेषा काढली तर H = (88.85 + 15) / 1.5 = 69.2. लोडच्या खाली एकूण मोमेंट 93.2, त्याला H ने भागलं की रेषा पायथ्यापासून 1.346 मीटर उंचीवर, आणि कमानीची मध्यरेषा तिथे 1.187 वर. उभा फरक 159 मिमी, सांध्याच्या दिशेने मोजला तर 146. तुमचाही आकडा बहुतेक हाच असणार. 75 च्या जवळजवळ दुप्पट, म्हणून तुम्ही जाडीकडे वळलात.

मीही वळलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी अशाच एका कमानीच्या ड्रॉइंगवर मी रिंग वाढवून 600 लिहून आणलं, आमचे सीनियर चष्मा कपाळावर करून ते बघत बसले आणि म्हणाले, "ही रेषा कमानीने काढली का तू?" मला तेव्हा काही कळलं नाही, वाटलं टोमणा मारतायत. म्हणाले, "क्राउनला मधोमध आणि पायथ्याला मधोमध जायचं हे कमानीला कोणी सांगितलं?" खरंच की. तिथे बिजागरी नाहीत. ते तीन बिंदू मी माझ्या सोयीसाठी धरले होते, नाहीतर गणित सुटत नव्हतं.

हे समजायला दोरी घ्या. रॉबर्ट हुकने 1675 मध्ये सांगून ठेवलंय की लोंबती दोरी उलटी केली की कमान उभी राहते. दोन खिळ्यांना दोरी बांधा, तिला तुमची वजनं लटकवा, जो आकार येईल तो उलटा केला की थ्रस्ट लाइन. आता विचार करा या खेळात तुमच्या हातात काय काय आहे: डावा खिळा वरखाली करता येतो, उजवा खिळा वरखाली करता येतो, आणि दोरी लांब-आखूड करता येते. दोरी ताणली तर ती चपटी होते आणि खिळ्यांवरचा आडवा जोर वाढतो, सोडली तर खोल लोंबते आणि जोर कमी. वजनं तीच, तरी आकार अनंत. हे तीन नट आहेत, तुम्ही तिन्ही घट्ट धरून बसलात.

स्प्रेडशीटमध्ये लिहायचं तर एवढंच, x मध्यापासून मीटरमध्ये, उजवीकडे अधिक:

```
y = M0/H + a + b*x
```

y म्हणजे पायथ्याच्या मध्यापासून रेषेची उंची, M0 म्हणजे साध्या बीमचा मोमेंट, तो बदलत नाही. H, a, b हे तीन आकडे तीन वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि शेजारच्या कॉलमात प्रत्येक ठिकाणी मध्यरेषेपासूनचं अंतर येऊ द्या. पहिल्या रेषेत a आणि b शून्य होते, H 69.2.

आता हाताने हलवू, कारण सॉल्व्हर लावून एकदम उत्तर घेतलं की रेषा का हलतेय ते कळत नाही. पहिल्या रेषेत डावीकडे लोडखाली कुबड आहे, 159 वर. उजव्या पाव स्पॅनवर उलट 58 खाली. म्हणजे डावीकडे खाली आणि उजवीकडे वर पाहिजे, तर मग रेषा तिरकी करा: डावा खिळा 90 मिमी खाली, उजवा 90 वर. b = 0.03. लोडखाली ती 45 ने उतरते, 159 ची 114 होते. उजव्या पाव स्पॅनवर 58 ची 13 होते. क्राउनवर काहीच बदल नाही, मधोमध आहे तिथेच.

अजून 114 जास्तच आहे पण आता उजवीकडे आणि क्राउनवर खाली जायला जागा मोकळी झालीये, ती वापरायची. दोरी ताणा, H 69.2 वरून 71.5 करा. सगळी रेषा मध्ये थोडी थोडी बसते: लोडखाली 43 मिमी, क्राउनवर 48, उजवीकडे 36. आता लोडखाली उभा फरक 71, क्राउनवर 48 खाली, उजव्या पाव स्पॅनवर 49 खाली. उजवीकडे अर्ध्या मीटरवर 61 खाली, एक मीटरवर 60 खाली, त्या बाजूला तेच सगळ्यात वाईट. सांध्याच्या दिशेने मोजलं तर अख्ख्या कमानीत सगळ्यात मोठा आकडा 65 आहे, लोडच्या खाली. मर्यादा 75. बसली.

इथे एक गोष्ट, जिच्यात मी स्वतः अडकलोय. पायथ्याशी आपण रेषा 90 ने हलवली आणि मर्यादा 75 ची, मग ते चालतं कसं? कारण 90 हे उभं अंतर आहे. सांधा पायथ्याशी 53 अंश कललेला आहे, मिडल थर्ड सांध्याच्या रेषेत मोजायचा असतो, म्हणून 90 × 0.6 = 54. क्राउनवर उभं आणि सांध्याच्या दिशेचं एकच, पाव स्पॅनवर आठ-नऊ टक्क्यांचा फरक, पायथ्याशी मात्र 40 टक्के. उभ्या अंतरावर 75 लावला तर पायथ्याशी चांगली रेषा फेल दाखवता, आणि तीच जागा रेषा हलवायला सगळ्यात उपयोगाची असते. ड्रॉइंगवर हाताने काढत असाल तर ही चूक होत नाही कारण सांधे डोळ्यासमोर असतात, स्प्रेडशीटमध्ये हमखास होते.

पायथ्याचा सांधा घसरतो का तेही एकदा बघून टाका. डावीकडे उभी रिअॅक्शन 91.3, आडवी 71.5, म्हणजे जोर आडव्यापासून साधारण 52 अंशात उतरतोय आणि कमान 53 अंशात. सांध्यावर जवळपास काटकोनातच. घसरायचा प्रश्नच नाही, चुकून पायथ्याचा सांधा आडवा बांधलेला असेल तर मात्र प्रश्न आहे, तो जागेवर जाऊन बघा.

ताण किती? पायथ्याशी एकूण जोर 116 किलोन्यूटन, सरासरी ताण 0.26 मेगापास्कल, 54 च्या सरकण्याने कडेला 0.44. हे काहीच नाही, बऱ्या दगडाची ताकद कित्येक दहा मेगापास्कलमध्ये असते. आणि तुमची ती फेल झालेली रेषा घ्या, 146 सरकलेली: तिथे जोर साधारण 80 किलोन्यूटन, कडेपासून 79 मिमीवर, म्हणजे सांध्याचा 237 मिमी भाग दाबात आणि बाकीचा उघडा, कडेवरचा ताण 0.68. दगडाला त्याचंही काही वाटत नाही. म्हणून कमानीत ताण तपासून फार काही हाती लागत नाही, रेषा कुठे आहे ते बघायचं. जाडी वाढवून तुम्ही मुळात ताण कमी करत नसता, रेषेला फिरायला जागा देत असता.

आता येणारच तो प्रश्न येतो: ठीक आहे, पण खरी रेषा कुठली? माझी 71.5 वाली का तुमची 69.2 वाली? खरं सांगायचं तर दोन्ही नाहीत. खरी रेषा सेंटरिंग कसं काढलं, अबटमेंट किती मिलिमीटर सरकलं, भराव कुठल्या बाजूने आधी टाकला, यावर ठरते आणि ती ऋतूप्रमाणे सुद्धा हलते. ती शोधायच्या मागे लागू नये. जॅक हेमनने 1966 मध्ये प्लास्टिक सिद्धांताचा सेफ थिअरम दगडी बांधकामाला लावून दाखवला, त्याचा कमानीपुरता अर्थ असा: दगड चिरडत नाही, सांधे घसरत नाहीत आणि सांध्यात ओढ घेतलेली नाही असं असताना, लोडशी समतोल असलेली एक जरी रेषा रिंगच्या आत काढता आली तर त्या लोडला कमान पडत नाही. एक पुरे. तुम्हाला सापडली तर कमानीलाही सापडते.

आणि मग मिडल थर्डचा अर्थ थोडा बदलतो. ती रेषा अख्ख्या रिंगमध्ये नाही तर तिच्या एक तृतीयांश जाडीत सापडली, म्हणजे रिंग तिप्पट जाड आहे गरजेपेक्षा. याला भूमितीचा सेफ्टी फॅक्टर म्हणतात, 3. तुमच्यात 65 दोन्ही बाजूंना म्हणजे 130 मिमीची रिंग कागदावर पुरते, आहे 450, साधारण साडेतीन. सांधा कधीच उघडणार नाही याची ही हमी नाही, हे लक्षात ठेवा. अबटमेंट दोनचार मिमी बाहेर गेलं की सांधे उघडतीलच, मिडल थर्ड कितीही पास असू दे.

एक अट मात्र आहे, ती लोक विसरतात. आपण H वाढवला, म्हणजे त्या रेषेत अबटमेंटवर जादा जोर मागितला. 69 वरून 71.5 हे काही जास्त नाही. पण एखाद्या चपट्या कमानीत रेषा बसवायला H दीडपट करावा लागला आणि अबटमेंट तेवढं रेटू शकत नाही, तर ती रेषा फक्त तुमच्या कागदावर आहे. म्हणून ज्या रेषेवर पास केलं तिचाच H आणि तिचाच पायथ्याचा बिंदू घेऊन अबटमेंटच्या तळापर्यंत जोर खाली न्या आणि तिथेही आत आहे का बघा. कमान एका रेषेवर आणि अबटमेंट दुसऱ्या सोयीच्या रेषेवर, हे चालत नाही.

मर्यादा कुठे आहे तेही काढून बघितलं. लोड 20 ऐवजी 30 केला की मिडल थर्डमध्ये कुठलीच रेषा बसत नाही, पायथ्याला दोन्हीकडे पूर्ण 75 पर्यंत ढकललं आणि लोडखाली जेमतेम आत आणलं तरी उजवीकडे क्राउनच्या पुढे ती खाली बाहेर पडते. पण मधल्या अर्ध्यात, म्हणजे अधिक-उणे 112 मध्ये बसते, फॅक्टर 2. नवीन काम असेल तर मी 30 ला ही रिंग देणार नाही. जुनी, न हललेली, सांधे भरलेले असलेली कमान असेल तर 2 वर मी सही करतो आणि शांत झोपतो. हे माझं मत, तुमचा तपासनीस वेगळं म्हणू शकतो.

लोड पाव स्पॅनवरच का? कारण कमान एका बाजूला दाबली की दुसऱ्या बाजूला फुगते, आणि पाव ते एक तृतीयांश स्पॅनच्या आसपास ते सगळ्यात सोपं जातं. पण एकाच जागेवर थांबू नका, लोड अर्ध्या-अर्ध्या मीटरने सरकवत न्या आणि प्रत्येक जागेला वेगळी रेषा शोधा, प्रत्येक जागेला H आणि b वेगळे असायला काही हरकत नाही. एक बाजू केली की पुरे, दुसरी आरशातली. आणि तुमचे ते 20 भरावातून पसरून आलेले आहेत का एका रेषेवर ठोकलेले? मी रेषेवर ठोकलेले धरलेत, ते जास्त कडक आहे. 300 मिमी भराव आणि 450 ची रिंग यातून लोड थोडातरी पसरतोच, पसरवला की कुबड गोल होतं आणि आणखी काही मिलिमीटर मिळतात. भरावाचा आडवा रेटा मी धरला नाहीये, फुगणाऱ्या बाजूला तो बहुधा मदतच करतो.

आता कागद बाजूला ठेवा आणि कमानीखाली जा. भेगा बघून रेषा कुठे गेलीये ते कळतं, फक्त उलटं वाचायचं असतं: सांधा जिकडे उघडलाय त्याच्या विरुद्ध कडेला रेषा गेलेली असते. क्राउनवर पोटाकडून सांधा उघडा असेल तर रेषा तिथे पाठीकडे गेलीये, आणि जोडीला पायथ्याजवळ पाठीकडून उघडा असेल (तो भरावात लपलेला असतो, दिसत नाही, कठड्याच्या भिंतीत तिरपी चीर दिसते कधीकधी) तर अबटमेंट बाहेर सरकलंय. तीन बिजागरी झाल्यात. ही कमान पडत नाही, तीन बिजागरींवर ती मजेत उभी राहते, पण चीर वाढतेय का ते बघायला प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. पाव स्पॅनच्या आसपास मात्र एकीकडे पाठीकडून आणि दुसरीकडे पोटाकडून सांधे उघडतायत, रिंग नजरेने बघितली तरी एका बाजूला बसलेली दिसतेय, तर ते लोडचं काम आहे आणि चौथी बिजागरी फार लांब नाही. चौथी झाली की ती यंत्रणा झाली, कमान राहिली नाही. तिथे हिशोब करत बसू नका, आधी लोड बंद करा.

आणि तुमची 450 खरंच 450 आहे का? दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे रिंग एकसंध दगडाची आहे का दोन थरांची. थर सुटलेले असतील तर हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, आणि मग ती 450 ची एक रिंग नसून दोन बारीक रिंगा आहेत, वरचा सगळा हिशोब रद्द. दुसरं म्हणजे पोटाकडचा सांध्यातला चुना. पाण्याने धुऊन तो गेलेला असतो, लोखंडी पातळ पट्टी सांध्यात सारून बघा किती आत जाते. समजा 50 मिमी गेली. मग कामाची जाडी 400, मध्य 25 ने वर सरकला आणि मर्यादा 75 वरून 67 वर आली. आपली आधीची रेषा नव्या मध्यापासून मोजली तर क्राउनच्या उजवीकडे 60 च्या जागी 85 खाली येते, फेल. घाबरू नका, a हा नट आपण अजून वापरलेलाच नाही: a = 0.025 करा, अख्खी रेषा 25 मिमी वर. आता सगळ्यात मोठा आकडा साधारण 64 येतो, डाव्या पायथ्याशी, मर्यादा 67. कशीबशी बसते. पट्टी त्याहून आत गेली तर आधी सांधे खोलवर भरून घ्या, चुन्यानेच, आणि नंतर मला आकडे पाठवा.